वर फेकलेल्या नाण्यावरचा बाण: एका गैरसमजाची पार्श्वभूमी

पुण्यातील बालभारतीच्या नववीच्या विज्ञान पुस्तकातला ‘गतीचे नियम’ हा पाठ शिकवण्यापूर्वी फळ्यावर एक प्रश्न मांडून पाहावा: नाणे सरळ वर फेकले, ते हातातून सुटून वर जात आहे; या क्षणी त्यावर कोणकोणती बले आहेत, बाणांनी दाखवा. न्यूटनचा दुसरा नियम घडाघडा म्हणणारी मुलेही खाली गुरुत्वाचा बाण काढतात आणि वर, त्याहून लांब असा ‘हाताच्या बलाचा’ बाण काढतात; हवेचा रोध सोडला, तर खरे उत्तर फक्त खालचा बाण एवढेच आहे.

अमेरिकेत जॉन क्लेमेंट यांनी 1982 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अभियांत्रिकीच्या बहुतांश विद्यार्थ्यांनी याच प्रश्नाला असेच उत्तर दिले होते, आणि यामिकीचा अभ्यासक्रम संपल्यावरही चित्र फारसे बदलले नव्हते. या उत्तराची परंपरा मोठी आहे. चौदाव्या शतकात झाँ ब्युरिदान यांनी फेकणारा वस्तूत एक प्रेरणा भरतो असे मांडले. तरुण गॅलिलिओनेही 1590च्या सुमाराच्या, त्या वेळी अप्रकाशित राहिलेल्या लेखनात, वर जाणाऱ्या वस्तूतली ही प्रेरणा ओसरत जाते आणि शिखरावर तिच्या वजनाइतकी उरते, असे म्हटले होते. म्हणजे मूल निष्काळजीपणे उत्तर देत नाही. अनुभवाशी जुळणारी एक सुसंगत समजूत ते मांडत असते. म्हणूनच ‘चूक’ एवढे सांगून भागत नाही.

उत्तराची तयारी दोन टप्प्यांत करावी. पहिला प्रश्न असा: वरचे बल आत्ता कोणती वस्तू लावते आहे? ‘हात’ असे उत्तर आले, तर हात नाण्याला टेकलेला आहे का, हे विचारावे. मुले येथे अडखळतात, पण बहुधा ‘बल नाण्यात साठले आहे’ असे म्हणून सावरतात. तेव्हा आकडे काढावेत. नाणे सेकंदाला 5 मीटर वेगाने सुटले, गुरुत्व त्वरण 10 धरले आणि हवेचा रोध सोडून दिला, तर दर 0.1 सेकंदाला वेग 5, 4, 3, 2, 1, 0 असा उतरतो आणि पुढच्या 0.1 सेकंदात खालच्या दिशेने 1 होतो. प्रत्येक वेळी बदल तेवढाच, म्हणजे बलही तेवढेच. साठवलेले बल ओसरत असते, तर हा बदल सारखा राहिला नसता. आणि शिखरावर दोन्ही बले खरोखरच समान झाली असती, तर त्या क्षणी वेग बदललाच नसता. मुले ज्याला ‘साठलेले बल’ म्हणतात, त्याच्या जागी संवेग ठेवता येतो, पण तो आकडे पाहिल्यावर; आधीच ठेवला, तर केवळ नाव बदलते, बाण तसाच राहतो.

पडताळणीसाठी पुन्हा नाणे घेऊ नये. कॅरमचा स्ट्रायकर बोटापासून सुटून बोर्डावर सरकतो आहे, एवढेच सांगून बाण काढायला द्यावेत. खाली गुरुत्व, वर बोर्डाचा आधार आणि मागे घर्षण एवढेच बाण अपेक्षित आहेत. पुढचा चौथा बाण आला, तर तीच समजूत आडव्या दिशेत परतली आहे असे धरून पहिल्या प्रश्नाकडे वळावे.