पाय घसरतात म्हणजे रूट मोशन हवंच?

"पात्राचे पाय जमिनीवर घसरत असतील तर रूट मोशन लावा, इन-प्लेस क्लिप चुकीचीच."

गेममध्ये रूट मोशन म्हणजे पात्राला पुढे नेणारी हालचाल ॲनिमेशनच्या क्लिपमध्येच असते; इन-प्लेस क्लिपमध्ये पात्र जागच्या जागी चालतं आणि पुढे नेतो तो कोड. घसरण्याचं कारण बहुतेकदा क्लिप आणि कोड यांच्या वेगातली तफावत असतं. समजा, चालण्याचं एक आवर्तन 1 सेकंदाचं आहे आणि त्यातली पावलं मिळून 1.5 मीटर अंतराची आहेत. कोड मात्र पात्राला सेकंदाला 2 मीटर नेतो. मग टेकलेला पायही पुढे सरकतो. क्लिप 1.33 पट वेगाने चालवा, घसरणं थांबतं. तपासायला टेकलेल्या टाचेखाली एक खूण ठेवा आणि फ्रेम-फ्रेमने पुढे जा; टाच खुणेवरून हलता कामा नये.

खेळाडूच्या धावण्याला इन-प्लेसच बरं, बटण सोडताच थांबता येतं. भिंत ओलांडताना मात्र वेग क्षणाक्षणाला बदलतो, हात कठड्यावर टेकलेलाच राहावा लागतो. तिथे हालचाल क्लिपकडेच सोपवावी.