वाफेवर उडायचं तर पाणी किती लागेल?

स्टीमपंक साहसकथेतली संशोधक नायिका बहुधा पहिल्याच प्रकरणात आपली एअरशिप हवेत नेते. पितळी चाकं फिरतात, धुराडं धूर ओकतं आणि शत्रू मागे पडतो. बॉयलरमध्ये पाणी किती आणि ते किती वेळ पुरेल, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. वाफेच्या जोरावर उडण्याचे खरे प्रयत्न एकोणिसाव्या शतकात झाले, आणि त्यांचा हिशेब मांडला तर घोडं तिथेच अडतं.

24 सप्टेंबर 1852 रोजी आंरी जिफार हा फ्रेंच अभियंता पॅरिसहून वाफेच्या एअरशिपमधून निघाला आणि सुमारे 27 किलोमीटरवर ट्रापजवळ उतरला. 44 मीटर लांबीची, दोन्ही टोकांना निमुळती पिशवी, तिच्याखाली बऱ्याच अंतरावर टांगलेलं तीन अश्वशक्तीचं इंजिन आणि एक पंखा. वर ज्वालाग्राही वायू आणि खाली पेटती भट्टी, म्हणून त्याने धुराड्याचं तोंड खाली वळवलं होतं. वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास. हवेत त्याला जहाज वळवता आलं, पण वाऱ्याविरुद्ध परत पॅरिसला येता आलं नाही.

नायिकेला परत यायचं असतं, निदान ताशी वीस किलोमीटरने. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो आणि लागणारी शक्ती आठपट, म्हणजे 24 अश्वशक्ती. जिफारचं इंजिन आणि रिकामा बॉयलर मिळून साधारण दीडशे किलो होते. त्याच कारागिरीने 24 अश्वशक्ती काढायची तर 1200 किलो लोखंड लागेल. त्या काळच्या छोट्या इंजिनाला दर अश्वशक्तीमागे तासाला 15 किलो पाणी लागतं असं धरलं, तर 24 अश्वशक्तीला तासाला 360 किलो, तीन तासांना 1080 किलो. कोळसा आणखी दोनशे. बेरीज जवळपास अडीच टन होते. जिफारच्या 2500 घनमीटरच्या पिशवीत हायड्रोजन भरला तरी उचल मिळते जेमतेम पावणेतीन टन. उरलेल्या अडीचशे किलोत कापड, जाळी, दोर, पाळणा आणि खुद्द नायिका बसवून दाखवा!

रेल्वेच्या इंजिनाला हे दुखणं जाणवत नाही, कारण ते वाटेत थांबून पाणी घेतं. एअरशिपचं आणखी एक झेंगट आहे. वापरलेली वाफ बाहेर सोडली की जहाज तासाला 360 किलोने हलकं होतं आणि वर सुटू लागतं. मग वायू सोडून द्यावा लागतो, आणि एकदा सोडलेला वायू हवेत परत मिळत नाही. विसाव्या शतकात अमेरिकी नौदलाच्या ‘अॅक्रन’ या एअरशिपवर पेट्रोल इंजिनाच्या धुरातलं पाणी थंड करून साठवत, ते याचसाठी.

म्हणून माझ्या मते नायिकेचा खरा शोध कंडेन्सर असायला हवा. पंख्याच्या झोतात उभ्या केलेल्या पातळ तांब्याच्या नळ्यांच्या चौकटी, त्यांतून वाफ जाते, थंड होऊन पाणी बनते आणि टाकीत परत येते. कल्पना अवास्तव नाही. 1933 मध्ये अमेरिकेत ओकलंडला बेस्लर बंधूंनी वाफेवर विमान उडवून दाखवलं, त्यात कंडेन्सर होता. पण हवा पाण्याइतकी उष्णता झटकन ओढून घेत नाही, त्यामुळे नळ्यांचा पसारा मोठा लागतो, आणि पसारा वाढला की हवेचा विरोधही वाढतो. थोडी वाफ निसटणारच. कथेत तिला कधी ना कधी एखाद्या तळ्यावर उतरावं लागेल, आणि लेखकाला तेच हवं असतं.

बॉयलर फुटण्याचा प्रसंगही उगाच स्फोट म्हणून आणायची गरज नाही. वॅटची इंजिनं वातावरणापेक्षा फार जास्त दाबावर चालत नसत, म्हणून अवजड असत. रिचर्ड ट्रेव्हिथिकने जास्त दाब वापरून ती लहान केली. 1803 मध्ये ग्रिनिचला त्याचा एक बॉयलर फुटून चार माणसं दगावली, आणि त्यानंतर त्याने शिशाचा प्लग वापरात आणला. भट्टीच्या माथ्यावरच्या पत्र्यात हा प्लग बसवतात. वर पाणी आहे तोवर पत्रा वाफेच्या तापमानाच्या आसपास राहतो. पाणी खाली गेलं की पत्रा उघडा पडून तापतो, 327 अंशांना शिसं वितळतं आणि वाफ भट्टीत घुसून आग मंदावते.

आता जमिनीवरचा बॉयलर आडवा स्थिर असतो, एअरशिपचा नसतो. जहाजाने नाक वर केलं की पाणी मागच्या बाजूला ओघळतं आणि पुढचा पत्रा कोरडा पडू शकतो, बॉयलरमध्ये पाणी पुरेसं असूनही. पाण्याची पातळी दाखवणारी काचनळी मागच्या टोकाला असेल तर ती उलट भरपूर पाणी दाखवेल. डोंगरावर चढणाऱ्या दातेरी रेल्वेच्या इंजिनांचे बॉयलर याच कारणाने तिरके बसवलेले असतात. नायिका चतुर असेल तर दोन्ही टोकांना काचनळी लावेल, किंवा सरळ उभा बॉयलर निवडेल.

ती स्त्री आहे म्हणून येणाऱ्या अडचणींनाही असाच ठोस आधार देता येतो. अमेरिकेत मार्गारेट नाइटने सपाट बुडाची कागदी पिशवी बनवणारं यंत्र घडवलं. ते तयार होत असताना कारखान्यात पाहून गेलेल्या एका पुरुषाने स्वतःच्याच नावाने पेटंटचा अर्ज केला. तिने आपली रेखाटनं आणि साक्षीदार पुढे आणले, दावा जिंकला आणि 1871 मध्ये पेटंट मिळवलं. इंग्लंडमध्ये विद्युत कमानीवर काम करणाऱ्या हर्था आयर्टनचं नाव 1902 मध्ये रॉयल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी सुचवलं गेलं, तर ती विवाहित आहे एवढ्यावरून ते नाकारण्यात आलं. चार वर्षांनी त्याच सोसायटीने तिला ह्यूज पदक दिलं. कटकारस्थानं रचणारा खलनायक नसला तरी चालतं. तारीख घातलेली रेखाटनवही चोरीला गेली, एवढंही पुरतं.

काळ निवडतानाही जपायला हवं. 9 ऑगस्ट 1884 रोजी रनार आणि क्रेब्स या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यांची ‘ला फ्रांस’ ही एअरशिप आठ किलोमीटरची फेरी मारून निघाल्या जागी परतली, पण ती चालली बॅटरीवर. त्यानंतरच्या कथेत नायिका वाफेलाच का चिकटून आहे, याचं उत्तर द्यावं लागेल. लांब पल्ला हे उत्तर चालेल, कारण त्या बॅटऱ्या अवजड होत्या आणि लवकर संपत.

जिफारकडे आणखी एक ठेवा आहे. 1858 मध्ये त्याने इंजेक्टरचं पेटंट घेतलं. बॉयलरचीच वाफ बारीक तोंडातून वेगाने सुटते, थंड पाण्याला भेटून विरते, आणि तिचा वेग घेतलेलं पाणी बॉयलरच्या दाबाविरुद्ध आत शिरतं. हलणारा भाग जवळपास नाही. पण पाणी फार गरम असेल तर वाफ विरत नाही आणि इंजेक्टर पाणी बाहेर फेकू लागतो. म्हणजे कंडेन्सरमधून आलेलं गरम पाणी त्याला चालायचं नाही. ते थंड होऊ द्यायला जास्तीची टाकी ठेवा, नाहीतर इंजिनाच्या दांड्यावर चालणारा पंप बसवा. हा पंप इंजिन थांबलं की थांबतो. इंजेक्टर येण्यापूर्वी रेल्वेची इंजिनं निव्वळ पाणी भरण्यासाठी पुढेमागे चालवावी लागत. शत्रूच्या तळावरून आवाज न करता तरंगत जायचं म्हणून नायिकेने इंजिन बंद केलं, तर भट्टी मात्र पेटतीच राहील, पाणी उकळत राहील आणि कुणाला तरी हातपंपावर बसावं लागेल.