मार्त्सिशोर : एक मार्चच्या लाल-पांढऱ्या दोऱ्याची पार्श्वभूमी

रुमानियन मित्राला 1 मार्चला 'ओ प्रिमवारा फ्रुमोआसा' म्हणजे 'सुंदर वसंत लाभो' असे लिहिण्याची पद्धत आहे. त्यासोबत लाल-पांढऱ्या पिळाच्या दोऱ्याचे चित्र असते आणि प्रत्यक्ष भेटीत तोच दोरा, मार्त्सिशोर, हाती दिला जातो. 'ला मुल्त्सी आन' ही शुभेच्छा वाढदिवस, नववर्ष आणि 8 मार्चच्या महिला दिनासाठी असल्यामुळे ती आठवडाभर राखून ठेवलेली बरी.

हा दोरा प्राचीन रोमन नववर्षातून किंवा त्याहून जुन्या, रुमानियाच्या भूमीवरील प्राचीन डेशियन लोकांच्या परंपरेतून आल्याचे सर्रास सांगितले जाते. त्याचा भरवशाचा तपशील मात्र एकोणिसाव्या शतकातील लोकजीवनाच्या नोंदींपासून मिळतो, म्हणून येथे त्यांवरच भिस्त ठेवली आहे. त्यांनुसार आई सूर्योदयापूर्वी मुलाच्या मनगटावर किंवा गळ्यात दोरा बांधी आणि त्यात चांदीचे नाणे ओवी. झाडे फुलली किंवा करकोचा दिसला की दोरा फुललेल्या फांदीला बांधला जाई. चेहरा गोरा आणि गाल लालसर राहावेत म्हणून नाणे मोडून ताजे चीज आणि लाल वाइन घेण्याची चाल काही भागांत होती.

एक गोष्ट सहसा नजरेआड होते. रुमानियाने 1919मध्ये जुनी ज्युलियन दिनदर्शिका सोडली. तोपर्यंतचा तेथील 1 मार्च, विसाव्या शतकाच्या आरंभी, आजच्या 14 मार्चला येत असे. म्हणजे दोरा बांधणे आणि पहिला बहर यांतले अंतर तेव्हा सुमारे दोन आठवड्यांनी कमी होते, आणि बहर येईपर्यंत दोरा अंगावर ठेवण्याचा नियम आजच्यापेक्षा बराच सोपा असणार.

शहरांत पुढे नाणे गेले आणि छातीवर टाचायची छोटी शोभेची वस्तू आली. मुलांचे रक्षण मागे पडून बहुतेक प्रांतांत पुरुषांनी स्त्रियांना भेट देण्याची रीत रुजली. रुमानियातल्याच मोल्दोवा प्रांतात मात्र स्त्रियाही पुरुषांना मार्त्सिशोर देतात, त्यामुळे मित्र पुरुष असला तरी शुभेच्छा विचित्र ठरत नाही.

सर्वांत नाजूक प्रश्न मालकीचा आहे. बल्गेरियात हाच दोरा 'मार्तेनित्सा' म्हणून स्त्री-पुरुष सर्वांना दिला जातो, आणि तेथे त्याची कथा सातव्या शतकातील राज्यस्थापनेशी जोडली जाते. डिसेंबर 2017मध्ये ही प्रथा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या जागतिक यादीत दाखल झाली, तेव्हा बल्गेरिया, रुमानिया, मोल्दोवा हा स्वतंत्र देश आणि आजचे उत्तर मॅसेडोनिया यांची नोंद एकत्र झाली. नोंदीच्या शीर्षकात कोणत्याही एका देशाचे नाव किंवा वस्तूचे स्थानिक नाव नाही, फक्त '1 मार्चशी निगडित सांस्कृतिक प्रथा' एवढेच आहे. तारखेआड वाद झाकण्याची ही तडजोड काहींना मिळमिळीत वाटेल, पण चारही ठिकाणी दोरा त्याच दिवशी बांधला जातो, आणि मूळ कोणाचे हे ठरवण्याइतका पुरावा कोणाच्याच पदरी नाही. रुमानियन मित्राला लिहिताना दोऱ्याला 'मार्तेनित्सा' म्हणणे मात्र टाळावे.