पाळी जातानाची तीन वर्षं

रजोनिवृत्ती कधी झाली हे मागे वळूनच कळतं. सलग बारा महिने पाळी आली नाही, की आधीची शेवटची होती असं म्हणायचं. हाडं मात्र त्या निदानासाठी थांबत नाहीत. त्यांची झीज शेवटच्या पाळीच्या साधारण वर्षभर आधीच वेग घेते.

जन्मतः अंडाशयात 10 ते 20 लाख बीजांडं असतात. पाळी जायच्या सुमारास हजारभर उरतात. इस्ट्रोजेन हे संप्रेरक बनवतात त्या याच बीजांडांभोवतीच्या पेशी. बीजांडं संपत आली की इस्ट्रोजेनही आटतं. मेंदूजवळची पिट्युटरी ग्रंथी एफएसएच हे आपलं संप्रेरक वाढवून अंडाशयाला हाका मारत राहते, पण ओ द्यायला फारसं कोणी उरलेलं नसतं. (या काळात एफएसएच खूप वरखाली होतं, म्हणून एकाच रक्ततपासणीवरून निष्कर्ष काढू नये.)

हाडात काही पेशी जुना भाग पोखरतात, तर दुसऱ्या तो खड्डा भरतात. पोखरायला काही आठवडे पुरतात, भरायला मात्र काही महिने लागतात. पोखरणाऱ्या पेशींची संख्या आणि आयुष्य इस्ट्रोजेन आटोक्यात ठेवतं. ते कमी झालं की खड्डे वाढतात आणि खोलही होतात. मणक्यांच्या आत हाडाची नाजूक जाळी असते. तिची एखादी पट्टी आरपार तुटली, तर नवं हाड बसायला आधारच राहत नाही. म्हणून ही झीज नंतर पूर्ण भरून निघत नाही.

समजा, एका स्त्रीची शेवटची पाळी 50व्या वर्षी आली. 49व्या वर्षी हाडांच्या घनतेच्या तपासणीत तिच्या कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण वयातल्या सरासरी घनतेशी तुलना करणारा अंक, उणे 1.5 होता. पुढची तीन वर्षं घनता दरवर्षी साधारण 2 टक्क्यांनी घटली, नंतर एकेका टक्क्याने. 56व्या वर्षापर्यंत एकूण 10 टक्के गेली. टी-स्कोअरचा एक अंक म्हणजे साधारण तेवढीच घट. म्हणजे ती उणे 2.5वर, ऑस्टिओपोरोसिसच्या, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराच्या रेषेवर आली, आणि दुखलं तर काहीच नाही! मणका दबला तरी पुष्कळदा कळत नाही; उंची दोन-चार सेंटिमीटर कमी भरते, तेव्हा शंका येते.

या तपासणीत एक फसगतही होते. मणक्यांपुढून जाणाऱ्या महाधमनीत कॅल्शियम साचलं असेल किंवा संधिवाताने मणक्यांना काटे फुटले असतील, तर तेही घनतेत मोजलं जातं आणि हाड आहे त्यापेक्षा भक्कम दिसतं. अशा वेळी खुब्याचं माप जास्त भरवशाचं.

हाडातून गेलेलं कॅल्शियम धमनीत जाऊन बसतं, असा सोपा हिशोब मात्र नाही. धमनीचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडून तिला सैल ठेवतं, आणि इस्ट्रोजेन त्याला मदत करतं. ते ओसरलं की धमन्या ताठर होऊ लागतात. शेवटच्या पाळीच्या आसपास एलडीएल हे वाईट कोलेस्टेरॉलही चढतं.

मग बाहेरून इस्ट्रोजेन द्यावं का? 2002 साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन घेणाऱ्यांमध्ये हृदयविकार, पक्षाघात आणि स्तनांचा कर्करोग वाढलेला दिसला. हाडं मात्र कमी मोडली. पण त्या स्त्रियांचं सरासरी वय 63 होतं. पुढच्या विश्लेषणांत, साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांत उपचार सुरू केलेल्यांमध्ये हृदयाचा धोका तसा वाढलेला आढळला नाही. आधीच चरबीचे थर साचलेल्या धमनीत उशिरा आलेलं इस्ट्रोजेन वेगळं वागतं, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं.