मुदतीच्या तापाची मुदत

इंदूरच्या आमच्या जुन्या मराठी घरांत टायफॉइडला दोन नावं होती. आजी ‘मुदतीचा ताप’ म्हणायची, शेजारच्या माळवी काकू ‘मोतीझिरा’. घामाने छातीवर बारीक मोत्यांसारखे पुटकुळ्यांचे दाणे येतात, त्यावरून ते दुसरं नाव. पहिल्या नावात मात्र अख्खा आजार आहे. औषध नव्हतं तेव्हा हा ताप तीन ते चार आठवड्यांची मुदत घेऊन यायचा आणि त्यातला प्रत्येक आठवडा वेगळा असायचा.

पहिल्या आठवड्यात ताप जिना चढतो. आज संध्याकाळी १००, उद्या १०१, परवा १०२. जर्मनीत वुंडरलिख यांनी हजारो रोग्यांचे ताप मोजून १८६८ साली पुस्तक काढलं, तेव्हापासून तापाचा हा चढता आलेख टायफॉइडची खूण मानला जातो. दुसऱ्या आठवड्यात ताप १०३–१०४ वर ठाण मांडतो, जिभेवर पांढरा थर येतो, पोट फुगतं, प्लीहा हाताला लागते. नाडी मात्र तापाच्या मानाने मंद राहते. खरा धोका तिसऱ्या आठवड्यात असतो, आणि त्याचं कारण जंतूंच्या प्रवासात आहे.

दूषित पाण्यातून किंवा अन्नातून आलेले जंतू लहान आतड्याच्या शेवटच्या भागात भिंतीत शिरतात. तिथे पेयरचे पट्टे म्हणतात असे संरक्षक पेशींचे पुंजके आहेत. ज्या पेशींनी जंतूंना गिळून मारायचं, त्यांच्याच पोटात बसून हे जंतू यकृत, प्लीहा आणि हाडांच्या मगजात पोचतात. आठवडा-दोन आठवडे ते तिथे गुपचूप वाढतात आणि मग रक्तात उतरतात. ताप सुरू होतो तो इथे. रक्तातून ते पित्ताशयात जातात आणि पित्ताबरोबर पुन्हा आतड्यात, त्याच पट्ट्यांवर येतात. पहिल्या भेटीत सावध झालेले पट्टे या वेळी जोरात सुजतात. सुजलेला भाग मरतो, खपली पडते, खाली व्रण उरतो. व्रणाखालची रक्तवाहिनी उघडी पडली तर रक्तस्राव होतो. भिंत आरपार गेली तर आतडं फुटतं.

आता तपासणीचं. जंतू एबर्ट यांनी १८८० साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, गाफ्की यांनी १८८४ साली तो वाढवून दाखवला. पण रोग्याच्या रक्तातून त्याला वाढवणं त्या काळी सोपं नव्हतं. म्हणून १८९६ साली पॅरिसच्या फर्नांड विडाल यांनी वेगळा रस्ता काढला, तीच विडाल चाचणी. रोग्याचा सीरम जंतूंच्या द्रावणात मिसळला की जंतू एकमेकांना चिकटून गोळा होतात. जंतू सापडत नसेल, तर शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधायची.

युक्ती चांगलीच होती. फक्त तिच्या मागे एक गृहीतक होतं, की निरोगी माणसाच्या रक्तात ही प्रतिपिंडं फारशी नसतात. जिथे टायफॉइड वर्षभर फिरत असतो तिथे हे कसं लागू व्हावं? लहानपणी न कळत होऊन गेलेला टायफॉइड, घेतलेली लस, या जंतूच्या साल्मोनेला कुळातला एखादा भाऊबंद, इतकंच काय मलेरियाचा तापसुद्धा विडालचा आकडा वर ढकलू शकतो. उलट खऱ्या रोग्यात जंतूच्या अंगाविरुद्धची ‘ओ’ प्रतिपिंडं साधारण आठवड्याच्या सुमारास आणि त्याच्या शेपटीविरुद्धची ‘एच’ त्यानंतर दिसू लागतात. म्हणजे चौथ्या दिवशी केलेली विडाल पॉझिटिव्ह आली तर ती बहुधा जुन्या गोष्टीची आठवण असते, आणि निगेटिव्ह आली तर तिला काहीच म्हणायचं नसतं. तरी आमच्या लॅबच्या धंद्यात ती टिकली, कारण ती स्वस्त आहे. काचपट्टीवर निळा थेंब ‘ओ’चा, लाल थेंब ‘एच’चा, त्यात सीरम घालून मिनिटभर हलवायचं. दाणे दिसले की रिपोर्ट तयार. मी स्वतः अशा किती पट्ट्या हलवल्या, मोजदाद नाही.

माझ्या भाच्याचं सांगते. कोचिंगसाठी भंवरकुआंजवळ खोली घेऊन राहायचा. तापाच्या चौथ्या दिवशी त्याने जवळच विडाल केली: ओ १:४०, एच १:४०, म्हणजे सीरम चाळीसपट पातळ करेपर्यंतच दाणे दिसले. “टायफॉइड नाही, व्हायरल आहे,” असं सांगून तिथल्या डॉक्टरांनी वर ‘असू द्या’ म्हणून पाच दिवस ओफ्लॉक्सासिनच्या गोळ्या दिल्या. ताप चढतच राहिला. नवव्या दिवशी बहीण त्याला राजेंद्रनगरला माझ्याकडे घेऊन आली तेव्हा ताप १०३ आणि नाडी अवघी ८८ होती.

मी दोन्ही हातांतून दहा-दहा मिलि रक्त काढून कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून पाहायच्या, दोन बाटल्यांत घातलं. बहीण म्हणाली, “ताई, एवढं रक्त कशाला गं? आधीच अशक्त झालाय.” कारण असं की टायफॉइडमध्ये एक मिलि रक्तात बहुधा एखादाच जिवंत जंतू असतो, तोही बऱ्याचदा पांढऱ्या पेशीत लपलेला. दोन मिलि घेतलं तर रिकामी बाटली लावल्यासारखंच. त्यातून आधी अँटिबायोटिक पडलेलं असेल तर आशा आणखी कमी. सगळं नीट करूनही कल्चर दहापैकी सुमारे सहाच रोग्यांत जंतू दाखवतं. म्हणून निगेटिव्ह कल्चरने टायफॉइड नाही असं ठरत नाही. मगजाचं कल्चर जास्त पकडतं, पण त्यासाठी हाडात सुई कोण घालून घेणार!

त्याच दिवशीची विडाल आली ओ १:१६०. पाच दिवसांत चौपट. टायफॉइडचा संशय बळावला, पण कोणतं औषध चालेल हे त्यावरून कळत नव्हतं. ते अकराव्या दिवशी मशीनने बाटलीत जंतू वाढल्याचा इशारा वाजवल्यावर कळायला लागलं, आणि बाराव्या दिवशी रिपोर्ट हातात आला: साल्मोनेला टायफी, सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद न देणारा, सेफ्ट्रिअॅक्सोनला देणारा. ओफ्लॉक्सासिन हे सिप्रोफ्लॉक्सासिनचंच भावंड, त्यामुळे गोळ्या पोटात असूनही जंतू बाटलीत का वाढला, याचं उत्तर त्याच ओळीत होतं.

ही गोष्टही नवी नाही. १९४८ साली क्वालालंपूरमध्ये क्लोरॅम्फेनिकॉलने टायफॉइड बरा होतो हे दिसलं आणि मुदत पहिल्यांदा तुटली. १९७२ साली कालिकतमध्ये त्याच औषधाला न जुमानणाऱ्या जंतूची साथ आली. मग दुसरी औषधं, मग सिप्रोफ्लॉक्सासिन, मग तेही बोथट. दर वेळी हे बाटलीतल्या जंतूनेच सांगितलं. प्रतिपिंड मोजून ते समजण्यासारखं नव्हतंच.

सेफ्ट्रिअॅक्सोनने ताप लगेच जात नाही, चार-सहा दिवस घेतो. इंजेक्शन अकराव्या दिवशी संध्याकाळीच सुरू झालं होतं. सोळाव्या दिवशी पहाटे बहिणीचा हॉस्पिटलमधून फोन: “ताप एकदम उतरला गं, अठ्ठ्याण्णव! देवापुढे साखर ठेवलीय.” मी विचारलं, नाडी किती? तिने नर्सला विचारून सांगितलं, १२६.

तापाचा आलेख खाली आणि नाडीचा वर, दोन्ही रेघा एकमेकींना छेदून गेल्या की आत रक्त वाहत असतं किंवा आतडं फुटलेलं असतं. दोन्हींतला फरक पोट सांगतं. फुटलं असेल तर उजवीकडे खाली एकाएकी कळ येते, पोट फळीसारखं कडक होतं आणि उभ्याने काढलेल्या एक्स-रेत छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली हवा दिसते; मग शस्त्रक्रियेला पर्याय नसतो. याचं पोट मऊ होतं. तासाभराने डांबरासारखी काळी शी झाली. हिमोग्लोबिन ११.८ वरून ८.१ वर आलं होतं. दोन बाटल्या रक्त चढवलं, तोंडाने खाणं बंद, इंजेक्शन चालू. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाडी ९६ वर आली आणि स्राव आपोआप थांबला.

पंचविसाव्या दिवशी तो घरी आला. काही रोग्यांत दोन-तीन आठवड्यांनी ताप परत येतो, म्हणून थर्मामीटर उशाशी ठेवायला सांगितलं. त्याने पहिल्या दिवशी पोहे मागितले, वर शेव घालून. शेव मिळाली नाही.