आयकर गणनापत्रक तपासताना: २०२५-२६ चा पगार, सूट आणि सेस

फेब्रुवारीचे वेतन देयक लावण्याआधी प्रत्येक कार्यालयात आयकराची गणनापत्रके गोळा होतात. बहुतेक जण मागच्या वर्षीचीच एक्सेल शीट उघडून आकडे बदलतात आणि शेवटच्या ओळीतली रक्कम मान्य करून सही करतात. पण त्या ओळीपर्यंत पोचताना तीन-चार ठिकाणी एकच चूक पुरते आणि कर हजारोंनी इकडेतिकडे होतो. इथे महाराष्ट्र शासनाचा किंवा जिल्हा परिषदेचा, राष्ट्रीय पेन्शन योजनेतला कर्मचारी समोर ठेवून आर्थिक वर्ष २०२५-२६ चे पत्रक कसे तपासायचे ते पाहू. कलमे आयकर अधिनियम १९६१ ची आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा अधिनियम लागू असल्याने पुढच्या वर्षीच्या पत्रकात कलमांचे क्रमांक वेगळे दिसतील.

कोणती प्रणाली, आणि ती कोण ठरवतो

कर्मचाऱ्याने लेखी काहीच कळवले नाही तर आहरण व संवितरण अधिकाऱ्याने, म्हणजे डीडीओने, नव्या प्रणालीनेच कर कापायचा असतो. जुनी प्रणाली हवी असेल तर तसे लिहून द्यावे लागते. पत्रक जुन्या प्रणालीचे आणि विकल्पपत्र मात्र फायलीत नाही, असे दिसले तर तपासणी तिथेच थांबवावी आणि आधी ते पत्र घ्यावे. फक्त पगाराचे उत्पन्न असलेल्या माणसाला विवरणपत्र मुदतीत भरताना प्रणाली बदलता येते, त्यामुळे कार्यालयात निवडलेली प्रणाली ही कपातीपुरती असते.

सोबत काय हवे

सर्वांसाठी: बारा महिन्यांच्या वेतनचिठ्ठ्या, वर्षभरात निघालेली थकबाकी, बोनस आणि इतर पुरवणी देयके, आतापर्यंत झालेल्या कपातीचा तपशील आणि आधारशी जोडलेले पॅन. वर्षाच्या मध्येच दुसऱ्या नोकरीतून आलेला असेल तर तिथल्या पगाराची व कपातीची माहिती फॉर्म १२बी मध्ये.

जुन्या प्रणालीतल्या दाव्यांसाठी फॉर्म १२बीबी आणि त्याला जोडलेले पुरावे लागतात: भाड्याच्या पावत्या, वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन, गृहकर्जाच्या व्याजाचे बँकेचे प्रमाणपत्र, विम्याच्या हप्त्यांच्या पावत्या. नुसत्या तोंडी आकड्यावर वजावट देऊ नये, कारण पुरावा पाहण्याची जबाबदारी कायद्याने कपात करणाऱ्यावर टाकली आहे.

महिने मोजताना एक गोष्ट पाहावी. शासकीय पगारात मार्चचे वेतन १ एप्रिलला देय होते, म्हणून पत्रकात मार्च २०२५ ते फेब्रुवारी २०२६ असे बारा महिने येतात. एप्रिल ते मार्च धरलेले पत्रक फॉर्म १६ शी जुळत नाही. महागाई भत्त्याची थकबाकी ज्या वर्षी हातात पडली त्या वर्षीच्या उत्पन्नात धरावी, ती कुठल्याही काळाची असो. मागच्या वर्षांच्या थकबाकीमुळे कर वाढत असेल तर कलम ८९ चा दिलासा मिळू शकतो, मात्र त्यासाठी कर्मचाऱ्याने आयकर पोर्टलवर फॉर्म १०ई भरलेला असावा.

एक पत्रक, तीन उत्तरे

पुण्यातला एक शिक्षक घेऊ. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. वर्षाचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १०,८०,०००. घरभाडे भत्ता, वाहतूक भत्ता वगैरे २,२५,०००. म्हणजे वेतनचिठ्ठ्यांची बेरीज १३,०५,०००. शासनाने पेन्शन खात्यात भरलेला १४ टक्के हिस्सा १,५१,२००. प्रणाली नवी.

पहिल्या पत्रकात असे लिहिले होते: १३,०५,००० मधून प्रमाणित वजावट ७५,००० आणि कलम ८०सीसीडी(२) खाली शासनाचा हिस्सा १,५१,२०० वजा, करपात्र १०,७८,८००. बारा लाखांच्या आत, म्हणून सूट, म्हणून कर शून्य.

हे उत्तर चुकीचे आहे. शासनाचा हिस्सा हा कायद्याने पगाराचाच भाग आहे. तो आधी एकूण वेतनात मिळवायचा आणि मगच ८०सीसीडी(२) ची वजावट घ्यायची. वेतनचिठ्ठीवरच्या एकूण रकमेत तो नसेल तर मिळवायचे राहून जाते आणि वजावट मात्र आठवणीने घेतली जाते. मी कोणतेही पत्रक हातात घेतले की पहिली नजर या जोडीवर टाकतो: वजावटीत जो आकडा आहे तोच वर उत्पन्नात आहे का? कर्मचाऱ्याचा स्वतःचा १० टक्के हिस्सा वेगळा. तो एकूण वेतनातच असतो आणि नव्या प्रणालीत त्याची वजावट मिळत नाही.

बरोबर मांडणी अशी: एकूण वेतन १४,५६,२००. त्यातून प्रमाणित वजावट ७५,००० आणि शासनाचा हिस्सा १,५१,२०० गेल्यावर करपात्र उत्पन्न १२,३०,०००. व्यवसाय कराचे २,५०० नव्या प्रणालीत वजा होत नाहीत. जुन्या शीटमध्ये ती ओळ तशीच राहिलेली असते, ती शून्य करावी. करपात्र उत्पन्न शेवटी जवळच्या दहाच्या पटीत घ्यायचे.

आता स्लॅब. चार लाखांपर्यंत कर नाही. चार ते आठ लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००, आठ ते बारा लाखांवर १० टक्के म्हणजे ४०,०००, आणि बारा लाखांच्या वरच्या ३०,००० वर १५ टक्के म्हणजे ४,५००. एकूण ६४,५००. पुढे सोळा ते वीस लाखांवर २० टक्के, वीस ते चोवीस लाखांवर २५ आणि त्यावर ३० टक्के. प्रत्येक पायरीवर दर पाचानेच वाढत असल्याने एक्सेलमध्ये हे एका ओळीत तपासता येते. करपात्र उत्पन्न B1 मध्ये असेल, तर B2 मध्ये:

```
=5%*(MAX(0,B1-400000)+MAX(0,B1-800000)+MAX(0,B1-1200000)+MAX(0,B1-1600000)+MAX(0,B1-2000000)+MAX(0,B1-2400000))
```

कागदावर तपासायचे असेल तर बारा लाखांना ६०,०००, सोळा लाखांना १,२०,००० आणि वीस लाखांना २,००,००० हे टप्पे ध्यानात ठेवले तरी पुरतात. पत्रकातला आकडा यांच्या मध्ये बसत नसेल तर मागच्या वर्षीचे स्लॅब राहून गेले आहेत असे समजावे.

इथून दुसऱ्या पत्रकाची चूक सुरू होते. उत्पन्न बारा लाखांच्या वर गेले, म्हणून शीटने कलम ८७ए ची सूट शून्य केली आणि ६४,५०० वर ४ टक्के सेस लावून ६७,०८० कर दाखवला. म्हणजे मर्यादेपेक्षा तीस हजार जास्त मिळाले म्हणून सदुसष्ट हजार भरा! असे होऊ नये म्हणूनच नव्या प्रणालीत सीमांत सवलत आहे. बारा लाखांच्या वर जितके उत्पन्न, त्याहून जास्त कर सेस लावण्याआधी घेता येत नाही. वरचे उत्पन्न ३०,०००, म्हणून कर ३०,००० आणि सवलत ६४,५०० वजा ३०,००० म्हणजे ३४,५००. सूट किंवा सवलत काढायला B3 मध्ये:

```
=IF(B1<=1200000,B2,MAX(0,B2-(B1-1200000)))
```

करपात्र उत्पन्न साधारण १२,७०,५८८ पर्यंत गेले की ही सवलत आपोआप संपते. त्याच्या वर हे सूत्र शून्य देते आणि ते बरोबर आहे. बारा लाख ते बारा लाख सत्तर हजार या पट्ट्यातली पत्रके मात्र एकेक करून पाहावीत, कारण थकबाकीचा एखादा हप्ता निघाला की बरेच जण नेमके इथे येऊन पडतात. भांडवली नफ्यासारखे विशेष दराने करपात्र असलेले उत्पन्न कुणाच्या नावावर असेल तर त्यावरच्या कराला नव्या प्रणालीत ही सूट लागत नाही.

सेस कशावर

आरोग्य व शिक्षण उपकर ४ टक्के आहे आणि तो सूट वजा झाल्यानंतर उरलेल्या करावर लागतो. आपल्या शिक्षकाच्या बाबतीत ३०,००० वर १,२००, एकूण ३१,२००. काही शीटमध्ये सेसची ओळ सुटीच्या वर असते. मग ६४,५०० वर २,५८० सेस आधी जोडला जातो, त्यातून ३४,५०० वजा होतात आणि उत्तर ३२,५८० येते. फरक १,३८० चा. तो डोळ्यांत भरत नाही, म्हणून ओळींचा क्रमच पाहावा: कर, मग सूट, मग सेस, शेवटी दहाच्या पटीत रक्कम.

थोडक्यात, तोच माणूस आणि तीच कागदपत्रे, पण एका पत्रकात कर शून्य, दुसऱ्यात ६७,०८० आणि प्रत्यक्षात ३१,२००.

जुन्या प्रणालीत काय पाहायचे

हाच शिक्षक दरमहा १५,००० भाडे भरतो असे धरू. घरभाड्याची करमुक्त रक्कम म्हणजे मिळालेला भत्ता, भाड्यातून पगाराच्या १० टक्के वजा केल्यावर उरलेली रक्कम आणि पगाराच्या ४० टक्के, या तिघांतली सर्वांत कमी. पगार म्हणजे इथे मूळ वेतन आणि महागाई भत्ता. १,८०,००० मधून १,०८,००० गेले की ७२,००० उरतात, तेवढेच करमुक्त. पुण्याला या वर्षासाठी ५० टक्के धरलेले पत्रक चुकीचे; तो दर मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चारच शहरांना आहे.

प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, शासनाचा हिस्सा, ८०सी चे पूर्ण १,५०,०००, पेन्शनचे जादा ५०,००० आणि आरोग्य विम्याचे २५,००० असे सगळे पुराव्यानिशी मान्य केले तरी करपात्र उत्पन्न ९,५५,५०० राहते. पाच लाखांपर्यंत १२,५००, वरच्या ४,५५,५०० वर २० टक्के म्हणजे ९१,१००, आणि सेस धरून १,०७,७४०. जुन्या प्रणालीत सूट पाच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला, फार तर १२,५०० मिळते आणि तिथे सीमांत सवलत नाही. पाच लाख दहा रुपये झाले की पूर्ण सूट जाते. पत्रकावर दोन्ही प्रणालींचे आकडे शेजारी दाखवून कर्मचाऱ्याची सही घ्यावी, म्हणजे त्याने तुलना पाहिली याची नोंद राहते.

उरलेली कपात

३१,२०० मधून जानेवारीपर्यंत कापलेली रक्कम वजा करून उरलेली फेब्रुवारीच्या देयकात घ्यायची. दरमहा २,००० प्रमाणे अकरा देयकांतून २२,००० गेले असतील तर ९,२०० शिल्लक. जास्त कापले गेले असेल आणि वर्षात पुढच्या कपातीतून जुळवून घ्यायला जागा उरली नसेल, तर तो परतावा कर्मचाऱ्याला विवरणपत्र भरून मागावा लागतो. कपात झाली, पण कार्यालयाच्या २४क्यू विवरणात पॅन चुकला, तर ती रक्कम कर्मचाऱ्याच्या फॉर्म २६एएस मध्ये दिसत नाही. जूनमध्ये फॉर्म १६ हातात आल्यावर त्यातला कर, गणनापत्रकातला कर आणि २६एएस मधली जमा हे तिन्ही आकडे जुळवून पाहावेत. कुठे फरक आढळला तर विवरणपत्र भरण्याआधीच डीडीओकडून २४क्यू चे दुरुस्ती विवरण भरून घ्यावे.