ताबा मिळाल्यावर भिंतीला ओल आली तर: बिल्डरची पाच वर्षांची जबाबदारी आणि रेराचा अर्ज

नव्या फ्लॅटच्या भिंतीला ओल आली की बिल्डरचा माणूस येतो, पुट्टी भरतो, वर रंगाचा हात मारतो आणि जातो. पुढच्या पावसाळ्यात पोपडे पुन्हा तिथेच. आमच्या सोसायटीतल्या एका कुटुंबाचं हेच झालं. ताबा 12 जून 2021 चा. जुलै 2024 मध्ये बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला ओल आली. तक्रार वर्षभर फोनवर आणि व्हॉट्सअॅपवरच चालली. पुढच्या पावसात भिंत परत फुगली, तेव्हा "आता वॉरंटी संपली, तीन वर्षांचीच असते" असं ऐकवण्यात आलं.

तीन वर्षांची मुदत मोफा या फ्लॅटच्या मालकीबाबतच्या जुन्या राज्य कायद्यातली. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा नवा केंद्रीय कायदा, त्याच्या कलम 14(3) नुसार ही मुदत ताबा दिल्यापासून पाच वर्षांची आहे. बांधकामाच्या ढाच्यातला दोष, कारागिरी, मालाचा दर्जा, सोयीसुविधा, यांपैकी कशातही खोट निघाली आणि ती या मुदतीत बिल्डरच्या नजरेस आणली, तर त्याने 30 दिवसांत पैसे न घेता दुरुस्त करायची. नाही केली तर नुकसानभरपाई मागता येते. मुदत मोजायची ती आपल्या ताबापत्राच्या तारखेपासून. म्हणजे या कुटुंबाच्या हातात जून 2026 पर्यंतचा वेळ होता. फ्लॅट रीसेलमध्ये घेतला असेल तरी चालतं, कारण कायद्याने नंतरचा खरेदीदारही 'अलॉटी', म्हणजे बिल्डरकडून घर मिळालेला हक्कदारच आहे. मात्र त्याला उरलेलीच वर्षं मिळतात, नवी पाच नाहीत. भाडेकरूला हा हक्क नाही. जिना, गच्ची, लिफ्ट अशा सामाईक भागांची तक्रार सोसायटीने करावी.

नोटीस पाठवण्याआधी ओल कुठून येते ते बघा, कारण बिल्डरचा पहिला बचाव "वरच्यांनी बाथरूम फोडलं" हाच असतो. फक्त पावसाळ्यात येऊन हिवाळ्यात वाळणारी ओल बहुधा बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून किंवा खिडकीच्या कडेने येते. बारा महिने राहणारी ओल नळाच्या पाइपची किंवा वरच्या बाथरूमची. वरच्यांच्या बाथरूमचं जाळीचं तोंड बंद करून जमिनीवर पाणी साठवून एक दिवस ठेवलं की बरंच कळतं. मग स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी अहवाल आणि दुरुस्तीचा अंदाज घ्या. स्वतः टाइल्स बदलल्या असतील, भिंत फोडली असेल तर त्या जागेपुरता तुमचा दावा लंगडा पडतो. बिल्डरच्या लेखी परवानगीशिवाय फेरफार केल्यास जबाबदारी संपते, असं कलम बऱ्याच करारनाम्यांत असतं. तुमच्यातलं ते आधी वाचा.

या कुटुंबाने 3 जुलै 2025 ला नोटीस पाठवली, करारनाम्यात दिलेल्या पत्त्यावर स्पीड पोस्टने आणि तिथल्याच ईमेलवर. नोटीस पानभराचीच: फ्लॅट नंबर, ताब्याची तारीख, कोणती भिंत, कधीपासून ओल, आधी काय दुरुस्ती झाली, आणि 30 दिवसांत मूळ कारण काढून दुरुस्त करा अशी मागणी. सोबत तारखेसह फोटो. 'रंग देऊ नका, गळती थांबवा' हे वाक्य त्यांनी मुद्दाम घातलं. माझ्या मते अख्ख्या नोटिशीत तेच सगळ्यात कामाचं.

30 दिवसांत काही न हललं तर महारेराकडे, म्हणजे रेरा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे जायचं. maharera.maharashtra.gov.in वर तक्रारदार म्हणून नोंदणी करून अर्ज ऑनलाइन भरायचा. दुरुस्ती करून द्यावी असा आदेश हवा असेल तर 'नमुना ए', नुकसानभरपाईसाठी न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे 'नमुना बी'. प्रत्येकाची फी 5,000 रुपये. इथेच पुष्कळ जण फसतात: एकाच अर्जात दोन्ही मागतात आणि भरपाईचा भाग बाजूला पडतो, कारण ती ठरवण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याचाच आहे. वकील लागतोच असं नाही, स्वतः बाजू मांडता येते.

सोबत जोडायचं ते असं: नोंदणीकृत करारनामा आणि इंडेक्स टू, ताबापत्र, पैसे भरल्याच्या पावत्या, नोटीस आणि ती पोचल्याचा पुरावा, फोटो, इंजिनिअरचा अहवाल, दुरुस्तीचा अंदाज. ताबापत्र हरवलं असेल तर प्रत मागून घ्या, कारण पाच वर्षांचा सगळा हिशेब त्यावरच उभा आहे. गळती थांबवल्यावाचून चालणारच नसेल तर दुरुस्ती करून घ्या, पण भिंत फोडण्याआधी, फोडताना आणि नंतरचे फोटो काढा आणि कंत्राटदाराचं बिल घ्या. ते 'नमुना बी'मध्ये उपयोगी पडतं.

ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे, पण तिथे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावं लागतं. महारेराच्या आदेशाविरुद्ध अपील करायचं तर 60 दिवसांत. आणि मंजूर भरपाई बिल्डरने दिली नाही, तर महारेरा वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवू शकतं. तिथून ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. त्यासाठीही अर्ज आपणच करायचा असतो, आदेश आला म्हणून पैसे आपोआप येत नाहीत.